नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे नाही

संशोधनाच्या अर्जांमध्ये एक वाक्य हमखास भेटते : "सहभागींची नावे कुठेही लिहिली जाणार नाहीत, त्यामुळे त्यांची ओळख पूर्णपणे गुप्त राहील." सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, समाजकार्य शिकणारी आपली मुले-मुली प्रबंधासाठी अनेकदा आपलीच वस्ती निवडतात. कॉलेजच्या नीतिमत्ता समितीकडे, म्हणजे बोलीतल्या एथिक्स कमिटीकडे, अर्ज देण्याआधी काहीजण तो आम्हाला दाखवायला आणतात. त्या अर्जांतले हे वाक्य आम्हाला पाठ झाले आहे. त्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो. दुसरा अर्धा भाग नागपूर शहरात कदाचित खरा ठरेल, पण विदर्भातल्या एखाद्या गावात तो ठरत नाही.

कारण साधे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. आकडा मोठा वाटतो, पण तो राज्याच्या लोकसंख्येच्या सहा टक्क्यांच्याही आत आहे, आणि गावपातळीवर तो चाळीस-पन्नास घरांच्या एका वस्तीत उतरतो. गावाचे नाव, धर्म, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्या चार गोष्टी कागदावर आल्या, की ती व्यक्ती कोण हे सांगायला गावात नावाची गरज लागत नाही. शिवाय आपल्याकडे 'बौद्ध' हा शब्द केवळ धर्म सांगत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेचा इतिहास आणि १९९० साली अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या तो बदल, हे दोन्ही गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले की जात, वस्ती आणि बरेचदा आडनावही आपोआप कळते. अर्ज लिहिणाऱ्याने जातीचा रकाना मुद्दाम गाळला असला तरी तो भरला गेलेलाच असतो.

हा प्रश्न सगळ्या अल्पसंख्याकांचा आहे. पारशी समाज त्याच जनगणनेत देशभर मिळून ५७,२६४ होता. तिथे एखाद्या शहराचे नाव घेतले तरी पुरते. पण आपण इथे एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. विषय आपल्या घरातला आहे : सिकलसेल.

आजार रक्तात, डाग समाजावर

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोषी जनुक आले, तर ती व्यक्ती वाहक होते. तिला सहसा काही त्रास नसतो. दोघांकडूनही आले तर मूल रुग्ण होते : अंगदुखीचे झटके, रक्त कमी होणे, वारंवार जंतुसंसर्ग. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत, आपल्या समाजात आणि काही इतर मागास समाजांतही आहे. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे तो टिकून राहिला, कारण वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. याचा कोणत्याही धर्माशी काही संबंध नाही, आणि धर्म बदलल्याने रक्त बदलत नाही.

आता अर्ज पाहू. समजा एका विद्यार्थिनीने विषय निवडला, 'अमुक तालुक्यातील बौद्ध समाजातील सिकलसेलचे प्रमाण'. बारा गावांतल्या बौद्ध वस्त्यांमध्ये जाऊन रक्त तपासायचे, एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि वाहक असल्याचे कळल्यावर काय झाले यावर काही मुलाखती घ्यायच्या. हेतू चांगला आहे. आम्ही तिला अर्जाच्या पहिल्याच ओळीशी थांबवू.

धर्माची नोंद कशासाठी हवी, याचे उत्तर अर्जात असले पाहिजे. प्रमाण मोजायचे असेल तर गावातल्या सगळ्यांची तपासणी करणे शास्त्राच्या दृष्टीनेही अधिक बरे. फक्त आपली वस्ती तपासली तर आजार फक्त आपल्यातच सापडणार, कारण शोधला तिथेच जाणार. मग तालुक्याच्या पेपरात 'बौद्धांमध्ये सिकलसेल' असा मथळा येतो आणि तो पुढची वीस वर्षे सोयरिकीच्या बोलण्यात ऐकू येतो. उलट, सरकारी तपासणी व औषधे आपल्या वस्तीपर्यंत पोचतात की नाही हा प्रश्न असेल, तर धर्माची किंवा वस्तीची नोंद खरोखर लागते. मग ते कारण स्पष्ट लिहावे आणि शीर्षकही 'अमुक तालुक्यातील सिकलसेल सेवांची पोहोच' असे करावे. शीर्षक बदलणे हा कुणाला वरवरचा उपाय वाटेल. तसे नाही. माहितीपत्रकावर, समितीच्या पत्रावर, विहारातल्या सूचनाफलकावर तेच शीर्षक जाणार असते.

इथे अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचे प्रकरण सांगायला हवे. १९९० च्या सुमारास ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्यातल्या मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्तनमुने घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातील विवाह आणि त्यांचे पूर्वज कुठून आले या विषयांसाठी वापरले गेले. लोकांची समजूत अशी होती की आपण मधुमेहासाठी रक्त दिले. त्यांच्या नावाने वेड्यांची आणि नात्यात लग्ने करणाऱ्यांची जमात अशी प्रतिमा तयार होऊ लागली, आणि आपण याच दरीत जन्मलो या त्यांच्या श्रद्धेलाही छेद गेला. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. त्या लेखांमध्ये कुणाचेही नाव छापलेले असण्याची गरज नव्हती. इजा झाली ती जमातीला, आणि तिच्यात ज्यांनी कधी सुईही टोचून घेतली नव्हती असे लोकही होते.

म्हणून आमच्या मते अर्जातल्या धोक्यांच्या प्रकरणात 'समाजाला होऊ शकणारी हानी' असा वेगळा परिच्छेद असलाच पाहिजे, समितीने विचारले नाही तरी. त्यात दोन गोष्टी ठामपणे लिहाव्यात : गोळा केलेले रक्त याच अभ्यासासाठी वापरले जाईल आणि अमुक तारखेपर्यंत नष्ट होईल, दुसऱ्या कशासाठी वापरायचे झाल्यास समितीची आणि त्या व्यक्तीची नव्याने परवानगी घेतली जाईल. 'पुढील संशोधनासाठी नमुने जतन केले जातील' ही ओळ अनेक नमुना अर्जांत आधीच छापलेली असते. ती खोडायला विसरू नये.

अनामिक, की क्रमांकाआड?

आता गुप्ततेकडे येऊ. इथे शब्दांचा घोळ सर्वांत जास्त होतो. अनामिक याचा अर्थ, ही माहिती कुणाची हे संशोधकालाही कधी कळू शकत नाही. पेटीत टाकलेली बिननावाची चिठ्ठी अनामिक असते. सिकलसेलची तपासणी अनामिक असूच शकत नाही, कारण निकाल त्या माणसाला सांगायचा असतो. ज्या अर्जात एका पानावर 'माहिती अनामिक राहील' आणि दुसऱ्या पानावर 'प्रत्येकाला अहवाल दिला जाईल' असे लिहिलेले असते, तो अर्ज स्वतःलाच खोटे पाडतो. समितीतला जागरूक सदस्य ही विसंगती दोन मिनिटांत पकडतो.

खरे वर्णन असे : माहिती सांकेतिक क्रमांकाखाली ठेवली जाईल, आणि क्रमांक व नाव यांची सांगड घालणारी एक यादी असेल. मग अर्जात त्या यादीचा पत्ता लिहावा लागतो. ती कुठे असेल? कुणाकडे? कधी जाळली जाईल? चांगले उत्तर असे असते : रक्ताचे निकाल आणि प्रश्नावल्या एका संगणकात क्रमांकाने, नावांची यादी आणि सह्या असलेली संमतीपत्रके मार्गदर्शकाच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात, दोन्ही एकत्र पाहू शकणारी माणसे फक्त दोन, सगळ्यांना अहवाल आणि समुपदेशन मिळून झाले की सांगड घालणारी यादी नष्ट. संमतीपत्रके मात्र नियमाप्रमाणे काही वर्षे ठेवावी लागतात, म्हणून त्यांवर सांकेतिक क्रमांक लिहू नये. एवढ्या एका खबरदारीने पुढे कुणाच्या हाती संमतीपत्रक लागले, तरी त्यावरून निकाल शोधता येत नाही.

क्रमांकसुद्धा विचार करून द्यावा. गावाची आद्याक्षरे, घर क्रमांक आणि वय जोडून तयार केलेला 'क्रमांक' हे दुसऱ्या लिपीत लिहिलेले नावच असते. चिठ्ठ्या उचलून किंवा संगणकाकडून यादृच्छिक आकडे घ्यावेत. मोबाईलवरच्या प्रश्नावलीत जीपीएसचा रकाना असेल तर तो बंद ठेवावा. नाहीतर घराचा अंगणापर्यंतचा ठिकाणा प्रत्येक नोंदीला चिकटतो. आणि भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर मार्गदर्शकाला पाठवायची जी सवय सगळ्यांना लागली आहे, ती या अभ्यासात चालणार नाही असे अर्जातच लिहून टाकावे.

एवढे करूनही छापलेल्या तक्त्यातून ओळख फुटते. हे नीट समजून घेऊ. समजा एका गावात बौद्धांची ४१ घरे आहेत आणि १८ ते २५ वयाच्या अविवाहित मुली १३. तपासणीत त्यांतल्या दोघी वाहक निघाल्या. प्रबंधात तक्ता येतो : गाव, बौद्ध, अविवाहित स्त्रिया १८ ते २५, एकूण १३, वाहक २. गावातल्या कुणालाही हा तक्ता मिळाला की तेरा घरांमध्ये कुजबूज सुरू होते, आणि दोघींचा शोध लागेपर्यंत तेराही जणींच्या स्थळांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे इजा दोघींना नाही, तेरा जणींना. ज्या अकरा जणींचे रक्त अगदी ठीक आहे त्यांनाही.

यावर रूढ उपाय असा, की तक्त्याच्या एखाद्या घरात पाचपेक्षा कमी माणसे असतील तर आकडा छापायचा नाही. म्हणून विद्यार्थिनी '२' च्या जागी '५ पेक्षा कमी' असे लिहिते. पण शेजारच्या रकान्यात 'निरोगी ११' तसेच राहते आणि वर एकूण १३ असतेच. तेरातून अकरा वजा करायला गणित यावे लागत नाही. एक आकडा झाकला की वजाबाकीने तो उघडा करणारा दुसराही झाकावा लागतो. त्याहून सोपे आणि प्रामाणिक म्हणजे गावनिहाय तक्ता देऊच नये. बारा गावे एकत्र करावीत. मग समजा १४८ मुलींपैकी १९ वाहक असा आकडा येतो. त्यातून आरोग्यखात्याला हवे ते सगळे कळते, आणि कुणाच्याही दारात बोट जात नाही. हा निर्णय आकडे हाती आल्यावर करायचा नसतो. 'कोणताही तक्ता गावनिहाय दिला जाणार नाही आणि पाचपेक्षा कमी संख्या छापली जाणार नाही' ही अट अर्जातच असावी.

आणि मग प्रबंधाच्या पहिल्या पानावर येते ऋणनिर्देश : 'अमुक गावच्या बुद्ध विहार समितीचे मनःपूर्वक आभार', खाली विहारासमोर शिबिराला जमलेल्या लोकांचा रंगीत फोटो! कपाट, कुलूप, क्रमांक सगळे केलेले असते आणि कृतज्ञतेपोटी एका पानात ते फुकट जाते. आभार त्यांना घरी जाऊन मानावेत. प्रबंधात 'तालुक्यातील स्थानिक मंडळे' एवढे पुरे.

मुलाखतींचेही तसेच. अवतरणाखाली 'महिला, ३८, माजी ग्रामपंचायत सदस्य, बौद्ध' असे लिहिले की गावात ती एकटीच असते. ओळख देणारे तपशील एकेकटे निरुपद्रवी वाटतात, एकत्र आले की बोलतात. वय दशकात सांगावे, पद गाळावे, आणि एकाच व्यक्तीची अवतरणे एकाच टोपणनावाखाली सगळ्या प्रबंधात येऊ देऊ नयेत, कारण तुकडे जोडून चेहरा तयार होतो. संशोधनाचे काही शिक्षक म्हणतील की याने संदर्भ हरवतो. हरवतो थोडा. तेवढा हरवू द्यावा असे आमचे मत आहे.

धोका कुणाला, कुणाकडून

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये धोक्याच्या चार पायऱ्या आहेत : किमान धोक्याहूनही कमी, किमान, किमानपेक्षा किंचित जास्त, आणि त्याहून जास्त. परिषदेच्या सामाईक अर्जनमुन्यातही यांपैकी एक निवडायची असते. विद्यार्थी 'किमान' वर खूण करतात, कारण बोटातून किंवा दंडातून थोडे रक्त घेण्याने काय बिघडते? सुईपुरते बोलायचे तर काहीच नाही. पण धोका सुईत नाही, निकालात आहे. किमान धोक्याचा अभ्यास असेल तर एक-दोन सदस्य लवकर पाहून मंजुरी देऊ शकतात; जास्त असेल तर पूर्ण समितीसमोर बैठकीत जावे लागते, महिना-दीड महिना जातो. वेळ वाचवण्याचा मोह आम्हाला समजतो. तरीही आनुवंशिक आजार, लग्नाच्या वयाच्या मुली आणि सामाजिकदृष्ट्या वंचित अल्पसंख्याक हे तिन्ही एकत्र येतात तिथे स्वतःहून पूर्ण बैठक मागावी. पुढे तक्रार उद्भवली तर ती बैठक विद्यार्थिनीचेही रक्षण करते.

धोक्यांचे प्रकरण लिहिताना 'मानसिक ताण येऊ शकतो' असे गुळमुळीत लिहू नये. कुणाला, कुणाकडून, कोणत्या वाटेने इजा होईल आणि आपण ती वाट कशी बंद करणार, एवढे लिहावे. आपल्या उदाहरणात तीन वाटा आम्हाला ठळक दिसतात.

पहिली, अहवाल वाटण्याची. शिबिरात टेबल मांडून नावे पुकारत अहवाल वाटतात, आणि ज्यांना 'आतल्या खोलीत जा' सांगितले जाते ते कोण हे सगळ्या मंडपाला कळते. अर्जात लिहावे की निरोगी असो वा वाहक, प्रत्येकाला अहवाल बंद पाकिटात आणि प्रत्येकाला आतल्या खोलीत तेवढीच पाच मिनिटे मिळतील. याला माणूसबळ जास्त लागते. ते आधीच मोजून ठेवावे.

दुसरी, घरातली. नव्याने लग्न झालेली सून वाहक निघाली की 'हिने आजार आणला' असे बोलणे सुरू होते, जरी रुग्ण मूल होण्यासाठी नवरासुद्धा वाहक असावाच लागतो. म्हणून सासूच्या हाती सुनेचा अहवाल देऊ नये, नवऱ्याच्याही नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचा अहवाल त्याच्याच हाती. याच वाटेवर एक नाजूक जागा आहे, जी आम्ही पाहिलेल्या अर्जांत सहसा नसते. मूल वाहक असेल तर आई-वडिलांपैकी निदान एकात ते जनुक असलेच पाहिजे. घरातल्या सगळ्यांचे रक्त एकत्र तपासले आणि आई-वडील दोघेही निरोगी निघाले, तर नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, मूल दत्तक असेल, किंवा घर मोडणारी तिसरी शक्यता असेल. आधी चाचणी पुन्हा करावी. सोल्युबिलिटी चाचणी फक्त जनुक आहे की नाही याचा अंदाज देते, वाहक आणि रुग्ण वेगळे करत नाही. पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच होते. पण शेवटी निकाल तोच राहिला तर? अर्जातच ठरवून ठेवावे : कुटुंबाचा एकत्रित तक्ता कुणालाही दिला जाणार नाही, पितृत्वाविषयी काहीही सांगितले जाणार नाही, आणि अशी शक्यता असते हे संमतीपत्रकात सौम्य शब्दांत आधीच कळवले जाईल.

तिसरी वाट आपल्या माणसाची. माहिती गोळा करायला त्याच गावची आशाताई किंवा विद्यार्थिनीची मावशी सोबत घेतली जाते. दारे पटकन उघडतात हे खरे. पण आशाताईला एकदा कळलेले तिला विसरता येत नाही, ती उद्या त्याच घरी लसीकरणाला जाणार असते. आणि आपल्याच माणसाला 'नाही' म्हणणे अवघड जाते. ती संमती नसून भीड असते. शेजारच्या तालुक्यातली, वऱ्हाडी बोलणारी, शक्यतो स्त्री कार्यकर्ती घ्यावी. तिच्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन तो अर्जाला जोडावा. खुद्द संशोधक त्या गावची असेल तर स्वतःच्या गावात तिने मुलाखती घेऊ नयेत.

याच ओघात विहार समितीविषयी. अध्यक्षांचे परवानगीपत्र अर्जाला जोडले की काम झाले अशी समजूत आहे. त्या पत्राने गावात पाऊल टाकण्याची परवानगी मिळते, कुणाच्या दंडातून रक्त काढण्याची नाही. अध्यक्ष म्हणाले म्हणून रांगेत उभी राहिलेली बाई संमती देत नसते. समाजाशी सल्लामसलत जरूर करावी, परिषदेची तत्त्वेही ती सांगतात, पण सल्लागार गटात समितीच्या पुरुषांबरोबर रुग्ण मुलांच्या आया आणि लग्नाच्या वयाच्या दोन-तीन मुली असाव्यात. तक्ते छापण्याआधी त्यांना दाखवावेत. त्यांना एखादा शब्द, एखादे शीर्षक इजा करणारे वाटले तर ते बदलावे. आकडा बदलण्याचा अधिकार मात्र त्यांना असू नये. यावर आपल्यातच मतभेद आहेत. काहींना वाटते समाजाची बदनामी होणार असेल तर निष्कर्ष दाबायला हरकत नाही. आम्हाला हे मान्य नाही. आजार दडवला तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आणि तपासणीचे किट तालुक्याला कशाच्या आधारावर मागणार?

गोळ्यांवरून एक शेवटचे. वाहक किंवा रुग्ण असल्याचे सांगून संशोधक निघून गेली, तर तीसुद्धा इजाच आहे, आणि ती फार सामान्य आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे, त्यामुळे औषध आणि समुपदेशन कुठून मिळेल हे शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. अर्जात 'योग्य ठिकाणी पाठवले जाईल' एवढेच न लिहिता कोणत्या ग्रामीण रुग्णालयात, कोणत्या वारी, कुणाला भेटायचे, आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे होकाराचे पत्र जोडावे. गुप्ततेविषयीही पोकळ हमी देऊ नये. न्यायालयाने मागितली तर माहिती द्यावी लागू शकते. म्हणून 'पूर्णपणे गुप्त' ऐवजी 'कायद्याच्या मर्यादेत गुप्त' असे लिहावे आणि ते तोंडी समजावून सांगावे.

जे संशोधक नाहीत, ज्यांच्या दारी उद्या असा फॉर्म येणार आहे, त्यांनी माहितीपत्रकाची एक प्रत स्वतःकडे मागून घ्यावी. त्यावर संशोधकाबरोबरच नीतिमत्ता समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन असायला हवा. आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समित्यांना २०१९ च्या नियमांनुसार केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. समितीचा नोंदणी क्रमांक विचारावा. धर्म कशासाठी विचारता, रक्त किती दिवस ठेवणार, आमच्या गावाचे नाव छापणार का, हे तीन प्रश्न सहीच्या आधी विचारावेत. उत्तर पटले नाही तर सही करू नये. त्यामुळे दवाखान्यातले उपचार किंवा कोणतीही योजना बंद होत नाही, आणि हेही त्या पत्रकावर छापलेले असले पाहिजे.